आजी वऱ्हाडी, नात कॉलेजची. एकाच ओसरीवर दोघींचं बोलणं वेगळं कसं काढायचं?

निळी शाई
दीर्घकथा लिहितेय. गाव दर्यापूर तालुक्यातलं. आजी सत्तरीच्या पुढची, नात प्राजक्ता अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. दोघी एकाच प्रसंगात समोरासमोर आहेत आणि तिथेच गाडी अडलीय. दोन वाचकांना दाखवलं. एक म्हणाली, आजी छान आहे पण नात वर्तमानपत्रासारखी बोलते. दुसरे म्हणाले, आजी नाटकातली वाटते. तुकडा देते:

"काय वं पोरी, कोठी चालली? खाऊन तं घे माय."
"आजी, मला उशीर होतोय. कॉलेजमध्ये प्रॅक्टिकल आहे. त्याआधी तुला बँकेत केवायसीसाठी न्यायचं आहे, नाहीतर तुझी पेन्शन बंद होईल."
"काय थे केवायसी का फेवायसी! मले नाई समजत बाप्पा. आमच्या येळी असं काई नव्हतं."
"अगं आजी, आता सगळं ऑनलाइन झालंय. तुला फक्त अंगठा द्यायचा आहे."
"अंगठा देऊ देऊ म्हातारी झाली मी. जाय तू आपल्या शायेत."

माझा प्रश्न असा. बोली किती ठेवू? आजीची कमी केली तर ती पुण्याची होते, वाढवली तर सांगली-साताऱ्याचा वाचक दर ओळीला अडखळतो. नातीची भाषा प्रमाण ठेवली की फरक आपोआप दिसेल असं मला वाटलं होतं. तसं होत नाहीये.

भाऊ_मूर्तिजापूर
फरक दिसून राह्यला ना बाई. एक वऱ्हाडी, एक सरकारी जाहिरात. 😄

सुपारी
आजीच्या तोंडी म्हणी घाला. जुन्या बायका म्हणींशिवाय बोलतच नाहीत. माझ्याकडे वऱ्हाडी म्हणींची वही आहे, हवी तर टंकून देते.

तिसरी घंटा
सुपारीताई, वही जरूर टंका, पण वेगळ्या धाग्यावर. तूर निवडता निवडता कोणी म्हणी बोलत नाही. म्हण येते ती कोणाला टोमणा मारायचा असतो तेव्हा, किंवा विषय मिटवायचा असतो तेव्हा. दर वाक्याला म्हण आली की आजी जाऊन वक्तृत्व स्पर्धा उरते.

निळी शाई, मी अमरावतीकडच्या हौशी नाटकांत बरीच वर्षं संवाद बसवतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

तुमच्या तुकड्यात बोलीपेक्षा मोठी अडचण आहे. दोघी एकमेकींना उत्तरं देतात. नात माहिती सांगते, आजी त्या माहितीवर शेरा मारते, नात पुन्हा माहिती सांगते. दोघींची वाक्यं सारख्याच पद्धतीने बांधलेली आहेत आणि एकीच्या वाक्यांवर "मले", "थे", "येळ" शिंपडलंय. एक साधी तपासणी करा. आजीच्या सगळ्या ओळी प्रमाण मराठीत उतरवा: "मला नाही समजत बाबा, आमच्या वेळी असं काही नव्हतं." आता हे वाक्य कोणाचं? कोणत्याही म्हाताऱ्याचं. या तुमच्या आजीचं नाही. बोली काढून घेतल्यावरही ओळ तिचीच राहिली पाहिजे. तिथवर पोहोचलात की मग बोली किती ठेवायची हा प्रश्न निम्म्याने हलका होतो.

आमच्या भागातल्या बायकांचं बोलणं ऐका. सरळ "नाही" म्हणणं दुर्मिळ. "चाल" म्हटलं की "तूर पडली हाये" असं येतं. "दुखते का?" विचारलं की "तू जेवली का?" असं उलट येतं. म्हणजे प्रश्नाला प्रश्न, किंवा नकाराऐवजी समोरचं काम दाखवणं. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा, ते समोर बसलेल्यांना एकामागून एक प्रश्नच विचारत जायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. वऱ्हाडी मातीत ही पद्धत मुरलेली आहे. शब्द बदलण्याआधी ही चाल बदला.

वाचनमात्र
+१

प्रशांत_अंजनगाव
श्रावणबाळची पेन्शन आहे का ही? हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. आमच्या आईचा अंगठा मशीनवर येतच नाही. आयुष्यभर कापूस येचला, बोंडाच्या काट्याकुट्यांनी अन् निंदणानं बोटावरच्या रेघाच घासून गेल्या. सेतूवाला पोट्टा दर खेपेला मने, हात धुवा, पुसा, जोरात दाबा. चार बाया मांगं उभ्या, आईले कसंतरी होते. शेवटी डोळ्याची मशीन असलेल्या केंद्रावर नेलं तवा झालं. प्राजक्ताले सांगा, पहिले इचारून घे कोण्या केंद्रावर डोळ्याची मशीन हाये, फालतू चक्कर होत नाही.

भाऊ_मूर्तिजापूर
प्रशांतभाऊ, प्राजक्ता कथेतली हाये. 😂

प्रशांत_अंजनगाव
असू दे ना. कथेतल्या बाईले पेन्शन नको का?

तिसरी घंटा
हसू नका, प्रशांतभाऊंनी तुमचा प्रसंग सोडवून दिलाय. आजी बँकेत का येत नाही? पहिल्या खर्ड्यात कारण होतं "आमच्या येळी असं नव्हतं", जे कारणच नाही. आता कारण आहे: मागच्या वेळी चारचौघांत तिचा अंगठा उमटला नाही, तिला लाज वाटली, आणि ही गोष्ट ती नातीला सांगणार नाही. आता ती तुरीबद्दल बोलेल, एसटीबद्दल बोलेल, नातीच्या जेवणाबद्दल बोलेल. तिचं सगळं बोलणं त्या अंगठ्याला वळसा घालून जाईल. आणि नातीचं बोलणं सरळ जाईल, कारण तिला एसटी गाठायची आहे. दोन आवाज इथून निघतात.

निळी शाई
हे पटलं. प्रशांत, तुमच्या आईंचा "हात धुवा, पुसा" वापरू का?

प्रशांत_अंजनगाव
वापरा. फक्त सेतूवाल्या पोट्ट्याले व्हिलन नका करू, तो बी कंटाळला राह्यते.

कोथरूडकर
बाहेरचा माणूस म्हणून बोलतो. मला "शायेत" वाचून शाई आठवली. शाळा आहे हे दोन ओळींनंतर कळलं. वैदर्भी म्हणून "काय बे", "अबे" आणि थोडं हिंदी एवढं घातलं तरी वातावरण येतंच की. बाकी प्रमाण ठेवा.

भाऊ_मूर्तिजापूर
सत्तरीची आजी नातीला "काय बे" म्हणन तं गावात बातमी होईन दादा.

सांजी
कोथरूडकर, "बे" हा पोरांचा, मित्रामित्रांचा शब्द. बायकांत "वं" चालतं, "काय वं", "ये वं". वडीलधाऱ्यांशी "जी". आजी सुनेला, नातीला, शेजारणीला सगळ्यांना "वं" म्हणेल, पण गावच्या सरपंचाला "हो जी". एवढं सांभाळलंत तरी कोण कोणाशी बोलतंय ते वाचकाला सांगावं लागत नाही.

पण "शाया"चा मुद्दा मला मान्य आहे. ळ चा य आमच्याकडे आहेच. डोया, काया, केय, उनाया. ऐकायला गोड लागतं, कागदावर मात्र डोळा अडतो. माझी आई, मावशी सगळ्या असंच बोलतात आणि तरीही मी कथेत ते जपून वापरते.

अक्षरजुळणी
मी मुद्रितशोधन करतो, विदर्भातल्या लेखकांची पुस्तकं माझ्या टेबलावरून बरीच जातात. बोलीत लिहिताना नेमकं काय बिघडतं ते सांगतो.

पहिलं, लेखकच स्वतःच्या लेखनाशी प्रामाणिक राहत नाही. पान तीनवर "काउन", पान नऊवर "काहून", पान वीसवर "कावून". तिन्ही कुठे ना कुठे बोलले जातात, पण एकाच आजीच्या तोंडात तिन्ही आले की वाचकाला टंकनदोष वाटतो, आणि माझ्यासारखा माणूस लेखकाला न विचारता एकच करून टाकतो. दुसरं, बाहेरगावचा शोधक बोलीची रूपं "दुरुस्त" करतो. आपल्याकडे "तो येईन" म्हणतात, अर्थ "तो येईल". पुण्यातला शोधक ते बदलतोच, कारण त्याला ते "मी येईन" वाटतं. यात त्याचा तरी काय दोष?

म्हणून लिहायला बसण्याआधी पात्राचं एक पान करा. आजी कोणती रूपं वापरणार ते ठरवून टाका आणि ते पान हस्तलिखिताबरोबर संपादकाला पाठवा. निळी शाई, तुमच्या आजीसाठी मी चारच गोष्टी घेईन. "ला"च्या जागी "ले": मले, तुले, बँकेले. "माझा-तुझा"च्या जागी "माहा-तुहा". पुढच्या वेळेसाठी सांगताना "जो": येजो, खाजो, निवडजो. आणि चालू कामासाठी "राह्यली": करून राह्यली, जाऊन राह्यली. ही चारही रूपं बाहेरच्या वाचकाला पहिल्या भेटीत कळतात, कारण शब्द ओळखीचा राहतो, फक्त शेपूट बदलतं. ण चा न चालेल, "पानी" कोणालाही कळतं. ळ चा य मात्र शब्दाचा गाभाच बदलतो, म्हणून तो जिथे आसपासच्या वाक्यावरून अर्थ लागतो तिथेच. "डोयाचं आपरेशन" कळतं. "शायेत जाय" अडतं.

सुपारी
म्हणजे थोडी बोली घातली की झालं? हे जरा शहरी लोकांसाठी भाषा सोलून देण्यासारखं वाटतं. माझ्या आजीचं बोलणं पूर्ण का नको?

अक्षरजुळणी
सुपारीताई, पूर्ण कधीच येत नाही. हेल कागदावर येत नाही, "नाई" मधलं नाकातलं येत नाही. कोणतं ठेवायचं हे निवडावंच लागतं. तुम्ही जास्त निवडा, माझी हरकत नाही. फक्त शेवटच्या पानापर्यंत तेच राहू द्या.

सुपारी
अर्धवट पटलं.

वैनगंगा
सगळे विदर्भ म्हणजे वऱ्हाड धरून चालले आहेत म्हणून हात वर करते. आमच्या भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी. निळी शाई, तुमच्या आजीचं माहेर कुठलं? हा प्रश्न विचारल्याशिवाय आजीचं पान करू नका. सासर दर्यापूर असलं तरी मुलगी लग्नाआधी जिथे वाढली तिथले काही शब्द मरेपर्यंत राहतात. माझी सासू पवनीची, पन्नासेक वर्षं वर्ध्याजवळ काढली, तरी चिडली की माहेरचं बाहेर येतं. आजीचं माहेर मेळघाटाच्या पायथ्याचं असेल तर हिंदीची छटा जास्त येईल. दर्यापुरातल्याच खेड्यातलं असेल तर प्रश्न नाही.

निळी शाई
माहेर अचलपूरकडचं ठरवलंय. फार लांब नाही.

भाऊ_मूर्तिजापूर
मंग शकुंतला रेल्वेत बसूनच आली असन लग्न होऊन! आमच्या मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरले जाये. धावत्या गाडीतून उतरून पोट्टे बोरं तोडून पुन्हा चढत, असं आमचा बुढा सांगे. आजीले वर्ष-तारीख नका बोलू देऊ. "शकुंतला चालू होती तवा" असं मनन थे.

तिसरी घंटा
भाऊ, हा मुद्दा कामाचा आहे. आजी काळ कशाने मोजते आणि नात कशाने, हे ठरवा. आजीचा काळ पोळा, भुलाबाई, महालक्ष्म्या, पहिली वेचणी, कोणाचं तरी बाळंतपण. "पोयाच्या करीले गेल्ती मी बँकेत" हे तिचं वाक्य. नातीचा काळ सेमिस्टर, फॉर्मची शेवटची तारीख, साडेनवाची एसटी. "फाईल सबमिशनच्या आदल्या दिवशी" हे तिचं. दोघी एकाच दिवसाबद्दल बोलत असतील आणि दोघींना वेगळा दिवस वाटेल. पण एकाच प्रसंगात हे एकदाच. दोनदा केलंत तर युक्ती उघडी पडते.

आजीच्या तोंडी इंग्रजीतून आलेले शब्दही येऊ द्या, बरं का. तिला इंग्रजी येत नाही असं धरून लोक लिहितात. दवाखान्यात जाऊन आलेली कोणतीही बाई इंजिक्शन, सलाईन, आपरेशन, लाइन, रेशन, आधार कारड बिनधास्त बोलते. "केवायसी का फेवायसी" हा विनोद तुमचा आहे, आजीचा नाही. तिने तो शब्द शेजारणींकडून शंभरदा ऐकलाय. ती "केवायशी" म्हणेल आणि पुढे जाईल.

हॉस्टेल नं. २
मी या धाग्यावर एकटीच प्राजक्ता दिसतेय. 🙋 गाव अंजनगावजवळ, अमरावतीला शिकते.

सगळे आजीवरच बोलून राहिले. नातीचं काय? मी आजीशी "मला उशीर होतोय" असं कधीच बोलत नाही. घरी "मले उशीर होऊन राह्यला". हॉस्टेलवर "मला". मैत्रिणीत अर्धं-अर्धं. सरांसमोर पूर्ण पुस्तकी. फोनवर कोण आहे त्यावर ठरतं, एकाच मिनिटात बदलतं. माझी रूममेट म्हणते, तू आईशी बोलताना वेगळीच मुलगी असतेस.

आणि "अगं आजी" नाही हो. "आजी वं".

तिसरी घंटा
बघा, खरी गोष्ट हिने सांगितली. नातीकडे दोन आवाज आहेत, आजीकडे एक. हाच दोघींमधला सगळ्यात मोठा फरक. त्यामुळे नातीला प्रमाण आणि आजीला वऱ्हाडी असं वाटून देऊ नका. नातीला दोन्ही द्या, आणि ती कोणत्या क्षणी एकातून दुसऱ्यात जाते ते तुम्ही ठरवा. मधे एक फोन घाला. मैत्रिणीशी "मला, तुला, आहे ना" आणि फोन ठेवताच "हाये". वाचकाला कोणी सांगायची गरज नाही. मग आजीने सत्य सांगितल्यावर नातीचं तोंड जे उघडेल ते कुठल्या भाषेत, हा प्रसंगाचा कळीचा क्षण होईल.

सांजी
इथे मी वेगळं बोलणार आहे. माझ्या भाच्या घरीसुद्धा मुद्दाम "मला" म्हणतात. शाळेत "ले" वर हसू झालं होतं, तेव्हापासून घरातही बदललं. आजीला "तुला" म्हणतात आणि आजी ऐकून घेते. हॉस्टेल नं. २ सारख्या मुली आहेत तशा याही आहेत. तुमची प्राजक्ता कोणती?

हॉस्टेल नं. २
हो, अशा आहेत. माझी चुलत बहीण तशीच. पण चिडली की तिच्याही तोंडून "मले" निघते. 😄

सांजी
आमच्या मोठीच्या तोंडून चिडल्यावरही निघत नाही. पार पुसलं गेलंय.

कोथरूडकर
मला आत्ता कळलं की मी हा धागा का वाचतोय. प्रश्न: निवेदन कोणत्या भाषेत? संवाद वऱ्हाडी आणि निवेदन पुणेरी असलं तर निवेदक वरून बघतोय असं नाही का वाटत?

अक्षरजुळणी
वाटू शकतं. निवेदन प्रमाण ठेवलंत तरी वस्तूंची नावं तिथलीच ठेवा. शेत नाही, वावर. कपाशीचं झाड नाही, पऱ्हाटी. जनावरं नाही, ढोरं. "आजीने सुपातील तुरीची स्वच्छता केली" असं निवेदन आलं की संवाद कितीही खरा असला तरी दोन वेगळी पुस्तकं शिवल्यासारखी वाटतात.

व्याकरणवाला
एका संदर्भाबद्दल. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या मराठीच्या खंडात, १९०५ साली, वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने छापलेत. रूपं तिथून पडताळता येतील.

तिसरी घंटा
रूपं मिळतील, संवाद नाही. त्या पाहणीत ठिकठिकाणच्या लोकांकडून मुख्यतः एकच गोष्ट त्यांच्या बोलीत उतरवून घेतली होती, घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाची. म्हणजे सांगणारा एक, समोर कोणी नाही, आणि गोष्टही बाहेरची. त्यात "वं" कुठे आणि "जी" कुठे हे कसं कळणार? त्यापेक्षा डेक्कन कॉलेजने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं ऐका, ती इंटरनेटवर खुली आहेत. विदर्भातल्या गावांतली माणसं त्यात स्वतःबद्दल बोलतात. एक तुकडा घ्या आणि बोललेलं जसंच्या तसं उतरवून काढा, अडखळणं, परत मागे जाणं, सगळं. एका पानात कळेल की वाक्य कुठे तुटतं.

व्याकरणवाला
मान्य. तरी रूपांसाठी ग्रिअर्सन बघाच.

भाऊ_मूर्तिजापूर
आमच्या बुढीले बोलू देजा, रेकॉर्ड करून देतो. बंद कशी करायची थे मात्र तुमी पाहा.

निळी शाई
चार दिवसांनी परत आले. आजीचं पान केलं, माहेर अचलपूर पक्कं, ळ चा य फक्त जिथे अर्थ लागतो तिथे. प्राजक्ता घरी वऱ्हाडी, फोनवर नाही. नवा खर्डा:

आजी ओसरीवर सूप घेऊन बसली होती.
"आजी, चाल ना वं. साडेनवाची निघून जाईन."
"तूर पडली हाये."
"तूर संध्याकाळी निवडजो."
"सांजी दिसते काय मले?"
प्राजक्ताचा फोन वाजला. ती उठून अंगणाच्या कडेला गेली. "हां, बोल. नाही गं, गावातच आहे अजून. सरांना सांग ना, आजीला बँकेत न्यायचंय म्हणून. फाईल माझ्याकडेच आहे, तुला दुपारी देते. हो. हो, ठेवते." ती परत आली. "अंगठाच तं द्याचा हाये आजी. दोन मिनिटाचं काम."
"मांगच्या खेपीले बी दोनच मिनिटं मने थो."
"कोन?"
आजीने सूप हलवलं, एक खडा उचलून उंबऱ्याकडे टाकला. "तू जेवली का?"
"जेवली. कोन मने?"
"पोयाच्या करीले गेल्ती. हात धुवा मने. धुतला. पदराले पुसा मने. पुसला." सूप पुन्हा हललं. "मांगं लाइन होती. साऱ्याइचा उमटला."
प्राजक्ता बॅग खांद्यावरून काढत खाली बसली. "मंग मले काउन नाही सांगतलं तू?"
"सांगून काय, तू अंगठा देशीन?"
"डोळ्याची मशीन राह्यते आजी. अंजनगावले हाये. अंगठा लागतच नाही."
"डोयाचं तं आपरेशन झालं."
"होते तरी बी. जाऊन पाहू."
"तुही परीक्षा?"
"प्रॅक्टिकल. पुढच्या बॅचमध्ये बसतो मी."
आजीने सूप बाजूला सरकवलं. "खाऊन घे पहिले. जेवली मनते अन् तोंड सुकलं हाये."

हॉस्टेल नं. २
"साऱ्याइचा उमटला." बस. मी आईला वाचून दाखवलं.

प्रशांत_अंजनगाव
अंजनगावले मशीन हाये का थे मात्र पडताळून घेजा. लोकं कथा वाचून येतीन.

तिसरी घंटा
आता तपासणी करून बघा. "सगळ्यांचा उमटला." बोली काढली तरी ओळ तिचीच राहते, कारण "माझा उमटला नाही" हे ती म्हणत नाही. "मले काउन नाही सांगतलं" ला फोननंतर जागा बरोबर मिळालीय.

एक खटकलं. "सांगून काय, तू अंगठा देशीन?" हे जरा चटपटीत आहे. मागच्या दोन ओळींत तिने मनातलं बाहेर काढलंय, त्यानंतर इतकं पटकन ती फिरकी घेईल? मी तिथे तिला काही बोलू दिलं नसतं. नाटकात असतं तर नटीला नुसतं सूप हलवायला सांगितलं असतं.

सांजी
मला उलट वाटतं. आमच्या बायका नेमक्या त्याच वेळी फिरकी घेतात. रडू येण्याच्या आधी.

अक्षरजुळणी
"सांगतलं" ठेवलंय ते बरं, पण मग पुढे कुठे "सांगितलं" आलं तर ते फक्त फोनवरच्या प्राजक्ताचं. शोधून ठेवा. आणि "तू जेवली का" इथे "जेवलीस" कोणी करणार नाही याची काळजी घ्या. संपादकाला पान पाठवलंत ना?

कोथरूडकर
मी एकदाही अडखळलो नाही. "निघून जाईन" वाचून क्षणभर वाटलं प्राजक्ता स्वतःच जाईन म्हणतेय, पण साडेनवाची आहे म्हटल्यावर लागलं.

वैनगंगा
"पुढच्या बॅचमध्ये बसतो मी." मुलगी "बसतो" म्हणेल? आमच्याकडच्या शिकलेल्या मुली "बसते" म्हणतात.

निळी शाई
माझ्या मामेबहिणी "जातो", "येतो" म्हणतात, म्हणून ठेवलं. आजीशी बोलताना तरी.

हॉस्टेल नं. २
मी "बसते" म्हणते. आई "बसतो" म्हणते. आजी "बसतो". चुलत बहीण "बसते". म्हणजे प्राजक्ता मधेच अडकली.

सुपारी
मग दोन्ही ठेवा! फोनवर एक, घरी एक. फोनवर "देते" आहेच की.

अक्षरजुळणी
सुपारीताई, हे माझ्या डोळ्यातून सुटलं होतं. फोनवर "तुला दुपारी देते", घरी "बसतो मी". मुद्दाम केलं असेल तर उत्तम, पण ते पानावर लिहून ठेवा, नाहीतर शोधक पहिल्याच वाचनात "बसते" करणार.

वैनगंगा
तरी बाहेरच्या वाचकाला चूकच वाटेल ते.

भाऊ_मूर्तिजापूर
वाटू द्या. थे एवढं सांगा, एसटी भेटली का दोघींले?